कमिशन चालू झालं आणि गिऱ्हाईक दाराकडे बघायला लागलं

पत्र: माझं बुटांचं छोटं दुकान आहे. काउंटरवर दोघं जण, एक जुना मुलगा आणि वर्षभरापूर्वी आलेली एक मुलगी. विक्री वाढावी म्हणून पाच महिन्यांपूर्वी मी त्यांचा स्थिर पगार १०० चा ७० केला आणि ज्याचं बिल त्याला बिलाच्या ३ टक्के कमिशन द्यायला लागलो. महिन्याचं टार्गेट गाठलं की वर एकरकमी बोनस. पहिले दोन महिने गल्ला चांगला वाढला. आता माल परत येतोय, दोघं सूट वाटत सुटलेत, गिऱ्हाईक कोणाचं यावरून दोघांत भांडणं होतात. परवा एक जुन्या बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे आलं की काहीतरी घेतल्याशिवाय सुटका नाही, म्हणून हल्ली येत नाही." कमिशन बंदच करू का?

उत्तर: बंद करू नका. पण त्या दोघांना बोलवून "गिऱ्हाइकांच्या मागे लागू नका" असं समजावण्यातही वेळ घालवू नका. तुमची योजना त्यांना महिनाभर एक सांगते आणि तुम्ही पाच मिनिटं दुसरं सांगणार. जिंकणार योजनाच.

आज दुकान बंद केल्यावर एक काम करा. गेल्या तीन महिन्यांची बिलं काढा आणि प्रत्येक महिन्याचे पाच-पाच दिवसांचे सहा तुकडे पाडा. विक्री सारखी पसरली असेल तर एका तुकड्यात साधारण १७ टक्के यायला हवी. सुट्ट्या, सण, लोकांच्या पगाराचे दिवस यांमुळे थोडं खालीवर होणारच. पण शेवटच्या पाच दिवसांत दर महिन्याला महिन्याची पाव विक्री दिसत असेल, आणि परत आलेल्या मालातली बरीच बिलंही त्याच पाच दिवसांतली असतील, तर तो माल विकला गेला नव्हता, गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला गेला होता. दोष तुमच्या एकरकमी बोनसचा.

असा बोनस माणसाला तीन वेगवेगळ्या वेळी तीन वेगवेगळ्या गोष्टी शिकवतो. २७ तारखेला टार्गेट हाताच्या अंतरावर असलं की समोर येईल त्याला बूट घालून बाहेर काढायचं. २२ तारखेलाच गाठलं गेलं तर राहिलेली बिलं पुढच्या महिन्यावर ढकलायची. आणि २५ तारखेला अर्ध्यावरच असलं तर मग कशाला जीव काढायचा. मी तरुणपणी बॅगांच्या एका दुकानात काउंटरला होतो. तिथेही असाच बोनस होता. ३० तारखेला आम्ही ओळखीच्यांच्या नावावर दोन मोठ्या बॅगांची बिलं फाडायचो आणि ३ तारखेला "आवडली नाही" म्हणून परत घ्यायचो. मालकांना वाटायचं, महिनाअखेर काय धंदा होतो! आम्ही चोर नव्हतो. शिडीची शेवटची पायरी तेवढी उंच ठेवलेली, म्हणून उडी मारत होतो. त्यामुळे पहिली दुरुस्ती सोपी: टार्गेट आणि त्याचा बोनस काढून टाका. पहिल्या जोडीपासून शेवटच्या जोडीपर्यंत दर एकच ठेवा. मग २९ तारखेच्या जोडीला १० तारखेच्या जोडीपेक्षा जास्त किंमत उरत नाही.

आता सुटीकडे येऊ, कारण तुमचं खरं नुकसान तिथे होतंय आणि गल्ल्यात ते दिसत नाही. छापील किंमत १०० असलेला एक जोड घ्या. तुमची खरेदी ७०, म्हणजे मार्जिन ३०. गिऱ्हाईक घुटमळतंय, विक्रेता म्हणतो, "चला, दहा कमी करतो." जोड ९० ला गेला. विक्रेत्याचं ३ टक्के कमिशन ३ वरून २.७ वर आलं, म्हणजे त्याचा दहावा हिस्सा गेला. तुमचं मार्जिन ३० वरून २० वर आलं, म्हणजे तिसरा हिस्सा गेला. सूट तो देतो आणि भरता तुम्ही. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हेच केलं असतं. आणि मागे लागून विकण्याची सवय इथूनच पोसली जाते. ज्याच्या हातात सूट आहे त्याला बूट पायाला बसतो की नाही हे बघण्याचं कारणच उरत नाही, सूट पुढे करून तो गिऱ्हाइकाचा नकार खोडून काढतो.

यावर पुस्तकी उत्तर म्हणजे कमिशन बिलावर न देता मार्जिनवर द्यायचं. मला ते छोट्या दुकानात फारसं पटत नाही. एक तर प्रत्येक जोडाची खरेदी किंमत काउंटरवर उघडी करावी लागते. दुसरं म्हणजे मग ज्या बुटात मार्जिन जास्त, तोच बूट सगळ्यांच्या पायात जायला लागतो, पंजा रुंद असो की अरुंद. आपण एक जबरदस्ती काढायला जातो आणि दुसरी आत घेतो.

त्यापेक्षा साधी युक्ती अशी: कमिशन छापील किमतीवर मोजायचं, पण दिलेली सूट तिपटीने वजा करायची. वरचाच जोड बघा. छापील १००, सूट १०, तर हिशेबात धरायचे १०० वजा ३०, म्हणजे ७०. विक्रेत्याच्या कमिशनचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला, तुमच्या मार्जिनचा गेला तेवढाच. आता दोघांना एकच ठेच लागते, पण कुठल्या बुटात किती मिळतं हे त्याला कळायची गरज नाही आणि कुठलाही बूट त्याच्यासाठी लाडका नाही. तिप्पटच का, तर १०० ला तुमच्या सरासरी मार्जिनच्या टक्क्याने भागायचं. ३० टक्के असेल तर तीन-सव्वातीन, २५ टक्के असेल तर चार, ४० टक्के असेल तर अडीच. जवळचा सोपा आकडा घ्या. दशांश चिन्हाने काउंटरवर कुणाचं वागणं बदलत नाही.

एक खबरदारी मात्र घ्या. हंगाम संपताना तुम्ही स्वतः किंमत उतरवता, ती सूट त्यांच्या माथी मारू नका. उतरवलेली किंमत हीच त्या दिवसांची छापील किंमत धरा. तिप्पट वजावट फक्त विक्रेत्याने आपल्या अखत्यारीत दिलेल्या सुटीला. तीही बिलावर वेगळ्या ओळीत लिहिली गेली पाहिजे, नाहीतर हिशेबाला काही आधार राहत नाही.

परत आलेला माल. सध्या कमिशन बिल फाडलं त्या क्षणी पक्कं होतं, मग आठवड्याने जोड परत आला तरी विक्रेत्याचं काही जात नाही. सरळ उपाय म्हणजे दिलेलं कमिशन पुढच्या पगारातून कापणं. पण तो करू नका. हातात आलेला पैसा परत घेतला की माणूस दुखावतो, आणि त्याहून वाईट म्हणजे माल परत घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडे तो शत्रू म्हणून बघायला लागतो. त्याऐवजी कमिशन पक्कं व्हायची तारीखच पुढे न्या. तुमची परतीची मुदत १५ दिवसांची असेल, तर एका महिन्याच्या बिलांचा हिशेब पुढच्या महिन्याच्या १६ तारखेला करा. तोवर ज्याला परत यायचं ते येऊन गेलेलं असतं. जे टिकलं त्यावरच पैसे, कापाकापी नाही.

इथे आणखी एका गोष्टीत लोक हमखास फसतात. पैसे परत गेले तरच ती "परत" धरायची. सात नंबर नेला आणि आठ नंबर बदलून घेतला, ही परत नव्हे. शिलाई उसवली, सोल सुटला, हीही नव्हे, तो दोष कारखान्याचा. हे वगळलं नाही तर बूट बदलायला आलेल्या माणसाला तुमचा मुलगा "वापरल्यावर सैल होईल हो" असं सांगून घरी पाठवेल, आणि तो माणूस पुन्हा कधीच येणार नाही. परत घ्यायची की नाही हा निर्णयही तुमच्याकडे ठेवा. ज्याचं कमिशन अडकलंय त्याला न्यायाधीश करू नये.

भांडणांचं मूळ "ज्याचं बिल त्याला" या तीन शब्दांत आहे. सकाळी मुलीने एका बाईंना चार जोड दाखवले, मापं घेतली, त्या "विचार करते" म्हणून गेल्या. संध्याकाळी आल्या तेव्हा मुलगा काउंटरला होता. बिल त्याचं. पुढच्या वेळी ती मुलगी बाईंना "विचार करून या" म्हणेल का? ती दारात आडवी उभी राहून सोडणारच नाही. म्हणजे मागे लागण्याचं एक मोठं कारण हे, की दार ओलांडून गेलेलं गिऱ्हाईक आपल्यासाठी मेलं. शिवाय खोकी लावणं, काच पुसणं, बदलून द्यायचं काम, ही सगळी बिल नसलेली कामं दोघंही एकमेकांवर टाकणार.

म्हणून कमिशन दोघांचं एकत्र करा आणि कामाच्या तासांवर वाटा. एकाने काम टाळून दुसऱ्याच्या जिवावर खाण्याची भीती मोठ्या दुकानात खरी आहे. पाच-सहांच्या वर माणसं गेली की कोण टंगळमंगळ करतंय ते दिसेनासं होतं आणि ही पद्धत सैल पडते. दोघांच्या दुकानात ते तुमच्याआधी त्यांनाच दिसतं. जिथे एका विक्रीमागे आठवडाभर फोन, भेटी, मोजमाप असतं, जसं मोठं फर्निचर, तिथेही मी वेगळा विचार करीन. बुटांना हे पुरतं.

आणि शेवटची, माझ्या मते सर्वात वजनदार दुरुस्ती: ७० स्थिर पगार आणि ३० च्या आसपास कमिशन हा वाटा. महिन्याच्या घरखर्चाचा तिसरा हिस्सा समोरच्या अनोळखी माणसाच्या "हो" वर टांगला असेल, तर तो "हो" काढूनच घेतला जाणार. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रोम या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये हे नीट मांडलं. एका माणसाकडे अनेक कामं असली आणि त्यातलं एकच मोजता येत असलं, तर मोजलेल्याला जोरदार मोबदला दिल्यावर न मोजलेलं काम सुकतं. अशा वेळी मोबदला मुद्दाम सौम्य ठेवावा. सौम्य नाही ठेवला तर काय होतं याचं जुनं उदाहरण अमेरिकेतल्या सिअर्स दुकानांच्या गाडीदुरुस्ती केंद्रांचं. तिथे गिऱ्हाइकाला दुरुस्ती सुचवणाऱ्यांना कमिशन होतं. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ग्राहक खात्याने त्यांच्यावर गरज नसलेल्या दुरुस्त्या विकल्याचा आरोप ठेवला, आणि कंपनीने त्या माणसांचं कमिशन बंद केलं. तुमच्याकडे गोष्ट तेवढ्यावर गेलेली नाही. पण त्या जुन्या बाईंची तक्रार त्याच वाटेवरची आहे.

माझा आकडा असा: स्थिर पगार ९०, आणि कमिशन साधारण १५ च्या आसपास पडेल असा दर. आज टार्गेट गाठलेल्या महिन्यात त्यांना १०० च्या वर मिळतं, न गाठलेल्यात १०० च्या आसपास, म्हणजे त्यांच्या हातात येणारी रक्कम फारशी हलत नाही. स्थिर पगार कायद्याने ठरलेल्या किमान वेतनाच्या खाली तर नाही ना, हे आधी बघा. कमिशन धरून तो पूर्ण होतो असं समजून चालू नका.

एका महिन्याचा हिशेब मांडून दाखवतो. एका माणसाचा जुना महिन्याचा पगार १०० धरलाय, बाकी सगळे आकडे त्याच मापात. दोघांनी मिळून छापील किमतीने २१०० चा माल विकला. त्यात स्वतःच्या अखत्यारीत ६० ची सूट दिली, आणि मुदतीत १२० चे पैसे परत गेले. हिशेबात धरायचे २१०० वजा १२० वजा ६० ची तिप्पट १८०, म्हणजे १८००. दर दीड टक्का, तर कमिशन २७. मुलाचे तास २००, मुलीने आठवडाभर रजा घेतली म्हणून तिचे १६०. २७ चे वाटे पडले १५ आणि १२.

आता तेवढाच माल, तेवढीच गिऱ्हाइकं, पण सूट २० आणि परत ४०. २१०० वजा ४० वजा ६० म्हणजे २०००, कमिशन ३०. एकही जोड जास्त न विकता त्यांची कमाई नवव्या हिश्शाने वाढली. हेच ३ त्यांना जुन्या सवयींनी मिळवायचे तर २०० हून जास्त माल वर विकावा लागला असता. आणि तुम्ही? निव्वळ सुटीतून ४० वाचले, त्यातले ३ तुम्ही त्यांना दिले. हा कागद त्या दोघांसमोर बसून त्यांच्याच गेल्या महिन्याच्या बिलांनी भरा. चौथ्या ओळीपाशी मुलगा स्वतः म्हणेल, "म्हणजे सूट न देणं परवडतं." तुम्हाला ते म्हणावं लागणार नाही.

याच्यावर पॉलिश, मोजे, सुखतळे यांसाठी वेगळं कमिशन लावायचा मोह होईल. लावू नका. बुटाला जो दर तोच मोज्याला. वेगळा दर लागला की बिल करताना "मोजे घ्या, पॉलिश घ्या, सुखतळे घ्या" ही जपमाळ सुरू होते, आणि लोकांना नेमका त्याचाच वीट येतो.

जुनं गिऱ्हाईक परत येतंय का, हे मात्र तुम्ही स्वतः मोजा. बिलावर मोबाइल नंबर घेत असाल तर दर महिन्याला बघा, किती बिलांवरचा नंबर गेल्या वर्षभरात आधी आला होता. हा आकडा फक्त तुमच्या वहीत राहू द्या, त्याला पैसे जोडू नका. जोडलेत तर पुढच्या महिन्यात मुलाच्या मावसभावाचा नंबर आठ बिलांवर सापडेल. नोकरांवर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. बॅगांच्या दुकानात मीच हे केलं असतं.

बदल करताना पहिले तीन महिने हमी द्या, की गेल्या पाच महिन्यांच्या सरासरीपेक्षा हातात कमी पडलं तर फरक तुम्ही भराल. १६ तारखेमुळे सुरुवातीला पंधरा दिवस कमिशन उशिरा मिळेल, त्यासाठी पहिल्या महिन्यात थोडी उचल द्या, नाहीतर योजना चांगली असूनही घरी चूल अडल्यासारखं होईल. दीड टक्का आणि तिप्पट हे दोन आकडे कागदावर लिहून वर्षभर हात लावणार नाही असं सांगा. त्यांची कमाई वाढली म्हणून दर खाली आणलात, तर पुढच्या वेळी ते चांगला महिना झाकून ठेवायला शिकतील.

पहिल्या सहा आठवड्यांत विक्री थोडी खाली येईल. गळ्यात मारलेल्या जोड्या त्यातून वजा होतात, म्हणून. तेव्हा गल्ल्याकडे न बघता परत गेलेले पैसे आणि दिलेली सूट या दोन ओळी बघा. त्या निम्म्यावर आल्या नाहीत, तर सूट बिलावर खरंच वेगळी लिहिली जातेय का ते आधी तपासा. बहुतेक वेळा ती किमतीतच मुरवलेली असते. आणि त्या बाईंना एकदा स्वतः फोन करा. आल्या, चार जोड घालून बघितले आणि काही न घेता गेल्या, तर काउंटरमागून दोघांपैकी कुणाची मान वर होते, तेवढं बघून ठेवा.